ऐकणाऱ्यांशिवायचे आकडे

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहणाऱ्या मायकेल स्मिथ नावाच्या माणसाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वतःलाच एक ईमेल पाठवली. तिच्यात नुसता हिशेब होता. क्लाउड सेवांची ५२ खाती, प्रत्येक खात्यावर २० बॉट, म्हणजे एकूण १,०४० बनावट श्रोते. प्रत्येक श्रोता दिवसाला ६३६ गाणी वाजवणार, म्हणजे रोज ६,६१,४४० वादनं. एका वादनाला सरासरी अर्धा सेंट धरला, तर दिवसाची कमाई ३,३०७ डॉलर आणि महिन्याची ९९ हजारांच्या वर. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर आरोपपत्र दाखल केलं, त्यात हा हिशेब जसाच्या तसा आहे. त्याने या मार्गाने एक कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उकळली, असा आरोप त्यात होता.

या हिशेबातली खरी चलाखी मात्र रकमेत नाही, वाटणीत आहे. एकाच गाण्यावर लाखो वादनं पडली तर कुणाच्याही डोळ्यात भरतील. म्हणून लाखो गाणी तयार करवून घ्यायची (आरोपपत्रानुसार ती एआयने बनवलेली होती) आणि प्रत्येक गाण्यावर थोडी थोडी वादनं शिंपडायची. कोणतंही एक गाणं पाहिलं तर ते एखाद्या अनोळखी, धडपडणाऱ्या कलाकाराचंच वाटावं.

इथे कोल्हापूरच्या, नागपूरच्या किंवा मडगावच्या धडपडणाऱ्या खऱ्या कलाकाराचा संबंध येतो. चोर लहान कलाकाराच्या वेशात फिरू लागला, की पहारेकरी प्रत्येक लहान कलाकाराकडे संशयाने पाहू लागतो. गेल्या काही वर्षांत स्वतंत्रपणे गाणी काढणाऱ्या अनेकांना डिस्ट्रिब्युटरकडून एक ठरावीक मजकुराची ईमेल येऊ लागली आहे. तुमच्या गाण्यावर कृत्रिम स्ट्रीम आढळले, गाणं काढून टाकलं आहे, दंड तुमच्या शिल्लक रकमेतून वळता केला आहे. बॉट म्हणजे काय हेही ज्यांना धड ठाऊक नसतं, अशांच्या हातात ही ईमेल पडते.

हे का घडतं ते समजायला आधी पैसे कुठून येतात ते पाहावं लागतं. स्पॉटिफाय उघडून कुणी माझं गाणं ऐकलं, की त्या श्रोत्याच्या वर्गणीतले चार पैसे सरळ माझ्याकडे आले, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. एखाद्या देशातल्या वर्गण्या आणि जाहिराती यांतून जमलेला पैसा एकत्र होतो आणि त्या महिन्यातल्या एकूण स्ट्रीममध्ये कुणाचा किती वाटा, त्या प्रमाणात तो वाटला जातो. तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. मग बॉटने गाणी वाजवली तर नुकसान कंपनीचं होत नाही. तिला वाटायचा पैसा तेवढाच असतो. बॉटच्या गाण्यांनी खाल्लेला वाटा इतर सगळ्या कलाकारांच्या ताटातून गेलेला असतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२३च्या जानेवारीत एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार २०२१ साली त्या एका देशात १ ते ३ अब्ज स्ट्रीम बनावट निघाले, म्हणजे एकूण स्ट्रीमच्या १ ते ३ टक्के. आणि हे फक्त पकडले गेलेले.

मोठ्या संगीत कंपन्यांनी यावर ओरड केली, ती रास्तच होती. त्यातून स्पॉटिफायने २०२४च्या सुरुवातीपासून दोन नियम लागू केले. लहान कलाकाराला दोन्ही एकत्र वाचावे लागतात. पहिला असा, की मागच्या बारा महिन्यांत एखाद्या गाण्याला किमान १,००० स्ट्रीम मिळाले नाहीत तर त्या गाण्याची रॉयल्टी मिळणार नाही. दुसरा असा, की एखाद्या गाण्यावर ढळढळीत प्रमाणात कृत्रिम स्ट्रीम सापडले तर त्या गाण्यापोटी डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतला जाईल.

डिस्ट्रिब्युटर कोण, ते इथे सांगायला हवं. स्पॉटिफायवर कलाकाराला स्वतः गाणं चढवता येत नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी यांच्यासारखी मधली कंपनी लागते. ती गाणं सगळ्या सेवांवर पोचवते आणि पैसे गोळा करून देते. दंड या मधल्या कंपनीला बसतो. डिस्ट्रिब्युटर मंडळी जे सांगतात त्यानुसार मर्यादा अशी: महिन्यातल्या स्ट्रीमपैकी ९० टक्के किंवा त्याहून जास्त कृत्रिम ठरले, तर त्या गाण्यामागे दर महिन्याला १० युरो. आपल्याकडे साधारण हजार रुपये. मधली कंपनी हे पैसे स्वतःच्या खिशातून भरत बसत नाही. बहुतेक जणी ते कलाकाराकडून वसूल करतात. कलाकाराकडून तिला वर्षाला मिळते दीड-दोन हजारांची फी. असा ग्राहक दर महिन्याला दंड ओढवून घेऊ लागला तर त्याची बाजू खणून काढण्यापेक्षा गाणं उतरवणं तिला स्वस्त पडतं. गाणी काढली जातात त्यामागे हे साधं व्यापारी गणित आहे. कोणी पहिल्याच वेळी गाणं उतरवते, कोणी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत थांबते, कोणी सगळं खातंच गोठवते.

आता ते ९० टक्के जरा जवळून पाहू.

समजा, सांगलीच्या एका गायिकेने स्वतःच्या खर्चाने एक भावगीत ध्वनिमुद्रित केलं. नातेवाईक, क्लासमधल्या विद्यार्थिनी, काही रसिक मिळून महिन्याला १६० स्ट्रीम येतात. एके दिवशी तिचं गाणं एका बनावट प्लेलिस्टमध्ये जातं आणि त्या महिन्यात तिथून २,४०० स्ट्रीम पडतात. एकूण झाले २,५६०. त्यातले कृत्रिम जवळपास ९४ टक्के. दंड लागू. त्याच प्लेलिस्टमध्ये पुण्यातल्या एका नावाजलेल्या बँडचंही गाणं आहे. त्यावरही बॉटने तेवढेच २,४०० स्ट्रीम टाकले, पण त्या गाण्याला खरे श्रोतेच महिन्याला ६,००० आहेत. एकूण ८,४००, कृत्रिम २९ टक्के. खोटे स्ट्रीम मोजणीतून वगळले जातील, पण दंड नाही, आणि गाणंही बहुधा जागेवर राहील. चमचाभर मीठ वाटीभर आमटी खारट करतं आणि पातेलंभर आमटीत कळतही नाही, तसा हा प्रकार आहे. दोघांची चूक सारखीच, किंवा सारखीच नसलेली. शिक्षा मात्र एकीलाच.

टक्केवारीचा नियम दिसायला निःपक्षपाती असतो, पण तो ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच लागतो. त्यात हजार स्ट्रीमची अट वरून बसवलेली. १६० स्ट्रीमवाल्या गायिकेला वर्षभरात हजार गाठता येतीलही, पण सात-आठशेवर अडकलेल्याला उरलेले दोनशे कुठून आणू याची घाई होते. इन्स्टाग्रामवर जाहिरात तयारच असते: दहा दिवसांत दहा हजार स्ट्रीम, खात्रीशीर, ‘ऑरगॅनिक’.

ती जाहिरात देणारा करतो काय? त्याच्याकडे काही प्लेलिस्ट असतात आणि त्या प्लेलिस्ट दिवसरात्र वाजवणारी खाती असतात. काही खाती यंत्राने उघडलेली, काही खऱ्या माणसांची चोरलेली. २०१९च्या सुरुवातीला बीबीसीने अशा श्रोत्यांची कहाणी छापली होती. आपण कधीच न ऐकलेले, नावही न ऐकलेले कलाकार त्यांना स्वतःच्या ऐकण्याच्या यादीत सापडले होते. ‘ऑरगॅनिक’ शब्दावर विश्वास ठेवून पैसे भरणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो. स्पॉटिफायचा नियम मात्र इथे अगदी स्पष्ट आहे: ठरावीक आकड्याची हमी देणारी कोणतीही सेवा निषिद्ध. तुम्ही अजाणता पैसे भरले, हा बचाव चालत नाही.

पण पैसे न भरताही गाणं सापडतं, आणि हा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. प्लेलिस्टमध्ये गाणं घालायला कलाकाराची परवानगी लागत नाही. बॉट चालवणाऱ्याला स्वतःची दहा गाणी वाजवायची असतात. यादीत तीच दहा ठेवली तर लगेच पकडला जाईल. म्हणून तो मध्ये मध्ये इतरांची गाणी पेरतो, काही प्रसिद्ध आणि काही अगदीच अनोळखी. स्मिथच्या हिशेबातलं शिंपडणं ते हेच, फक्त इथे शिंपडण्यासाठी दुसऱ्यांची गाणी वापरली जातात. दुसरी पद्धत अधिक नीच आहे. आधी न विचारता गाणं यादीत घालायचं, आकडे वाढू द्यायचे आणि मग कलाकाराला निरोप पाठवायचा: बघा, आम्ही किती वाढवलं, पुढे चालू ठेवायचं तर एवढे पैसे. त्या निरोपाला उत्तर म्हणून एक रुपयाही गेला, तर आपण निर्दोष असल्याचा पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

संशयास्पद वादन नेमकं कसं ओळखतात हे कोणतीही सेवा जाहीर करत नाही. केलं तर दुसऱ्या दिवशी बॉट तेवढं सोडून बाकी सगळं करू लागतील. पण माणसाच्या ऐकण्याला एक अस्ताव्यस्तपणा असतो, तो यंत्राला जमत नाही. माणूस गाणं मध्येच सोडतो, एखादं पुन्हा लावतो, आवडलं तर जपून ठेवतो, कलाकाराचं दुसरं गाणं शोधतो, रात्री झोपतो. बॉट तीस-चाळीस सेकंद वाजवून पुढे जातो आणि दुपारी बारालाही तसाच, पहाटे चारलाही तसाच.

याच खुणा कलाकारालाही दिसू शकतात, कारण ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ हे कलाकारांसाठीचं मोफत खातं बरीच माहिती देतं. सांगलीच्या गायिकेकडे परत जाऊ. तिने त्या महिन्यात खातं उघडलं असतं तर तिला काय दिसलं असतं? स्ट्रीम २,५६०, पण श्रोते जेमतेम शंभर-सव्वाशे. गाणं जपून ठेवणाऱ्यांचा, म्हणजे ‘सेव्ह’चा आकडा जिथे होता तिथेच. नवे फॉलोअर नाहीत. शहरांच्या यादीत पुणे, मुंबई, सांगली खाली सरकलेली आणि वर अ‍ॅशबर्न किंवा हेलसिंकी. अ‍ॅशबर्न हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं छोटं गाव. तिथे डेटा सेंटरची एवढी दाटी आहे की जगातल्या इंटरनेटची प्रचंड वाहतूक तिथून होते. मराठी भावगीताला तिथे एकाएकी चाहते मिळाले, तर ते माणसं असण्यापेक्षा सर्व्हर असण्याचीच शक्यता जास्त. हेलसिंकीला मराठी माणसं नाहीत असं नाही. पण ती इतक्या संख्येने, एकाच आठवड्यात, एकच गाणं आणि तेही जपून न ठेवता ऐकत बसणार नाहीत.

मग गाण्याच्या पानावर ‘प्लेलिस्ट’चा भाग पाहायचा. कोणत्या यादीतून किती स्ट्रीम आले ते तिथे कळतं. ती यादी उघडली की पुष्कळदा संशय फिटतो. यादीचं नाव मोघम. एका जर्मन टेक्नोच्या शेजारी ब्राझीलचं रॅप, त्याच्याखाली आपलं भावगीत, आणि यातलं कोणीच कोणाला ओळखत नाही. फॉलोअर वीस हजार दाखवतात, पण यादी चालवणाऱ्याचा मागमूस नाही. उलट, चाळीसच फॉलोअर असूनही दिवसाला शेकडो स्ट्रीम देणारी यादीही तेवढीच संशयास्पद. एक खूण एकटी काही सिद्ध करत नाही. एखादा रील गाजला की खरे आकडेही उसळतात. पण तेव्हा सेव्ह वाढतात, फॉलोअर वाढतात, जुन्या गाण्यांकडेही लोक वळतात. फक्त स्ट्रीम वाढले आणि बाकी सगळं थंड, तर सावध व्हायचं.

अशी यादी सापडल्यावर पहिलं काम स्क्रीनशॉटचं. यादीची लिंक, शहरं, श्रोते-स्ट्रीमचं प्रमाण, तारखेसकट. ते त्याच दिवशी घ्यायचं, कारण या याद्या नाव बदलतात, गाणी बदलतात, नाहीशा होतात, आणि पुढच्या महिन्यात दाखवायला काही उरत नाही. दुसरं काम, स्पॉटिफायच्या मदत विभागात त्या यादीची तक्रार. तिसरं आणि सगळ्यात उपयोगाचं, डिस्ट्रिब्युटरला आपणहून लेखी कळवणं. दंडाची नोटीस यायच्या आधी. दोन ओळी पुरतात: अमुक गाणं, त्याचा आयएसआरसी क्रमांक, अमुक तारखेपासून या यादीतून संशयास्पद स्ट्रीम येत आहेत, आम्ही ही प्रसिद्धी विकत घेतलेली नाही, सोबत पुरावे. यामुळे दंड टळेलच असं नाही. पण नोटिशीनंतर केलेल्या कांगाव्याला आणि आधी केलेल्या तक्रारीला समोरचा माणूस सारखं वजन देत नाही. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात समोर माणूसच मिळाला तर, अर्थात.

याच जोडीला, आपल्याच माणसांकडून होणारा एक प्रकार थांबवायला हवा. नवं गाणं आलं की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फर्मान निघतं: सगळ्यांनी आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवा. भावना चांगली, परिणाम उलटा. तीस-चाळीस फोनवर बंद आवाजात, झोपेच्या वेळी, एकच गाणं फिरत राहणं हे बाहेरून पाहणाऱ्याला बॉटसारखंच दिसतं. त्या चाहत्यांना सांगायचं, एकदा नीट ऐका, आवडलं तर सेव्ह करा, आवडेल अशा एकाला पाठवा.

प्रसिद्धीवर खर्च करूच नये, असा याचा अर्थ नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊन लोकांना गाण्यापर्यंत आणणं पूर्ण वैध आहे. तिथे आपण लोकांपुढे गाणं ठेवतो, आकडा विकत घेत नाही. सबमिटहबसारख्या सेवा यादी चालवणाऱ्याने गाणं ऐकून मत द्यावं यासाठी पैसे घेतात, यादीत घालण्याची हमी देत नाहीत. रेषा तिथेच आहे. स्पॉटिफायच्या स्वतःच्या संपादकांपुढे गाणं ठेवायला तर काहीच लागत नाही, फक्त ते प्रकाशनाच्या आधी पाठवावं लागतं. मराठीतले कित्येक जण गाणं आज चढवून आज प्रकाशित करतात आणि ही फुकटची संधी घालवून बसतात. कुणी प्रसिद्धीवाला भेटला तर त्याला विचारावं, कोणत्या याद्यांमध्ये घालणार, त्यांची नावं सांगा, आणि किती स्ट्रीम येतील. नावं सांगत नसेल आणि आकडा सांगत असेल, तर फोन ठेवावा.

गाणं उतरवलं गेलंच, तर? स्पॉटिफायला लिहून फारसं काही होत नाही. त्यांचा करार डिस्ट्रिब्युटरशी असतो, तुमच्याशी नाही. म्हणून प्रश्न डिस्ट्रिब्युटरला विचारायचे. कोणत्या सेवेने तक्रार केली, कोणत्या महिन्यासाठी, एकूण किती स्ट्रीम आणि त्यातले कृत्रिम किती टक्के? गाणं फक्त तिथून काढलं की सगळीकडून? शिल्लक रकमेतलं किती गोठवलं आणि कोणत्या कलमाखाली? इतर गाण्यांची कमाई त्यात अडकली असेल तर ती वेगळी करून मागायची. सोबत ते जुने स्क्रीनशॉट.

आणि रागाच्या भरात तेच गाणं दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून लगेच चढवायचं नाही. बॉटची यादी अजून चालू असेल तर तेच पुन्हा घडू शकतं, आणि मग दोन कंपन्यांच्या नोंदीत तुमचं नाव लागतं. आधी पहिल्या कंपनीकडून प्रकरण मिटल्याचं लेखी घ्यायचं आणि पुन्हा चढवायला हरकत नाही ना, हेही लेखीच विचारायचं. मूळ ध्वनिमुद्रणाची फाईल, मुखपृष्ठ, गीतकार-संगीतकारांची नावं आणि आयएसआरसी क्रमांक स्वतःकडे जपून ठेवले असतील तर पुढचं सोपं जातं. हा क्रमांक म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख. तो कुणाकडून मिळाला होता हे विसरलेले कलाकार मी कितीतरी पाहिले आहेत. गाणं परत आलं तरी ज्या खऱ्या याद्यांमध्ये ते होतं तिथली जागा परत मिळेलच याची हमी कुणी देत नाही.

माझ्या मते या व्यवस्थेत दोन गोष्टी बदलायला हव्यात आणि त्या अवघड नाहीत. नुसत्या टक्केवारीवर दंड न लावता, पहिल्या वेळी फक्त खोटे स्ट्रीम वगळून इशारा द्यावा. आणि इशाऱ्यात त्या प्लेलिस्टचं नाव द्यावं. कोणत्या खात्यांनी कोणत्या यादीतून वाजवलं, हे ठाऊक असल्याशिवाय ९४ टक्क्यांचा आकडा निघूच शकत नाही. मग ते नाव कलाकारापासून लपवण्यात कुणाचं हित आहे? ते होईपर्यंत, तुमची गाणी या सेवांवर असतील तर दर सोमवारी पाच मिनिटं काढून शहरं, सेव्ह आणि प्लेलिस्ट हे तीन आकडे पाहा, आणि डिस्ट्रिब्युटरच्या करारातलं कृत्रिम स्ट्रीमचं कलम पुढचं गाणं चढवण्याआधी एकदा पूर्ण वाचा.